‘ताप डोक्यात गेला’ एवढेच चिठ्ठीवर लिहू नका

प्रति,
नंदुरबार, धुळे आणि जळगाव जिल्ह्यांतील प्राथमिक आरोग्य केंद्रे व ग्रामीण रुग्णालयांचे वैद्यकीय अधिकारी, तसेच तिन्ही जिल्ह्यांचे जिल्हा हिवताप अधिकारी यांस,

स.न.वि.वि.

पावसाळा लागला की धडगाव, अक्कलकुवा, शिरपूर, चोपडा या सातपुड्याच्या पट्ट्यातून तापात बेशुद्ध झालेली मुले मोठ्या दवाखान्यांकडे येऊ लागतात. सोबत आलेली आई सांगते, “ताप डोक्यात गेला.” तिने तसे म्हणणे साहजिकच आहे. अडचण तेव्हा होते, जेव्हा संदर्भ चिठ्ठीवरही तेवढेच लिहिलेले असते आणि मुलाच्या शिरेत फक्त सलाईन चालू असते. या एका वाक्याखाली दोन अगदी वेगळे आजार झाकले जातात. एक मेंदूचा हिवताप, दुसरा जपानी मेंदूज्वर, म्हणजे जेई. दोन्ही डासांमुळेच होतात, दोन्हींत ताप, आकडी आणि बेशुद्धी असते. पण मेंदूची इजा दोन्हींत उलट्या बाजूंनी होते. आणि त्यातल्या एकावर तुमच्या केंद्रातच औषध आहे, जे गाडी निघण्याआधी द्यायला हवे.

आधी हिवतापाचे पाहू, कारण आपल्या डोंगरपट्ट्यात पहिला संशय त्याचाच घ्यावा लागतो. फाल्सिपेरम जातीचा हा परजीवी मेंदूच्या पेशींत शिरतच नाही. तो शेवटपर्यंत रक्तवाहिनीच्या आतच, तांबड्या पेशीत राहतो. पेशीत शिरल्यावर तो साधारण 48 तासांत वाढतो, आणि त्यातला जवळपास पहिला अर्धा काळ ती पेशी रक्ताबरोबर मोकळी फिरते. त्यानंतर तिच्या पृष्ठभागावर बारीक गाठी उगवतात आणि त्या गाठींवरचे प्रथिन रक्तवाहिनीच्या आतल्या अस्तराला चिकटते. परजीवीचा फायदा असा, की चिकटून बसलेली पेशी प्लीहेत जात नाही, म्हणून गाळून टाकली जात नाही. मेंदूच्या केशवाहिन्या एवढ्या अरुंद असतात की तांबडी पेशी त्यातून अंग दुमडूनच पुढे सरकते. तिथे अशा पेशी भिंतीला चिकटल्या की वाट तुंबते, अस्तर सुजते, गळू लागते, आणि मेंदू फुगतो. फड पद्धतीच्या भागातल्या नातेवाइकांना आम्ही असे सांगतो, की चारीत गाळ अडकलाय, पीक अजून मेलेले नाही, पण पाणी पोहोचत नाही. हे त्यांना लगेच समजते.

कवटीत जागा मोजकी असते. मेंदू फुगला की तो खाली, मानेकडच्या भोकाकडे दाबला जातो आणि श्वास चालवणारे केंद्र चेंगरते. मलावीतल्या ब्लँटायर येथे मुलांचे एमआरआय करून झालेल्या आणि 2015 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, दगावलेल्या 25 मुलांपैकी 21 जणांचा मेंदू दाखल होतानाच खूप सुजलेला होता. जी मुले वाचली त्यांच्यापैकी काहींचाही तसाच सुजलेला होता, पण त्यांची सूज एकदोन दिवसांत उतरली. आमच्या दृष्टीने या आजारातली सर्वांत महत्त्वाची गोष्ट हीच आहे. पेशी मेलेल्या नसतात, अडचणीत असतात. वाट वेळेत मोकळी झाली तर काल खोल बेशुद्ध असलेले मूल परवा पाणी मागते.

जेईत हे उलट होते. भातखाचरांत वाढणारा क्युलेक्स जातीचा डास डुकरांकडून किंवा बगळ्या-ढोकऱ्यांकडून विषाणू घेतो आणि संध्याकाळी, बहुधा घराबाहेर, माणसाला चावतो. विषाणू आधी त्वचेत व लसिकाग्रंथींत वाढतो, मग रक्तात येतो. बहुसंख्य लोकांत गोष्ट इथेच संपते. साधारण अडीचशे बाधितांत एकालाच गंभीर आजार होतो. पण त्या एकात विषाणू रक्तवाहिनीची भिंत ओलांडून थेट मज्जापेशीत जातो आणि तीच पेशी वापरून स्वतःच्या प्रती काढतो. पेशी मरते. भोवतीच्या संरक्षक पेशी त्या आगीत आणखी तेल ओततात, त्यामुळे शेजारच्या धडधाकट पेशीही जातात. रावेर-यावलच्या केळी बागायतदाराला सीएमव्ही आलेले झाड माहीत असते. त्या झाडाला फवारून बरे करता येत नाही, कारण विषाणू पेशीच्या आत असतो. जेईचेही तसेच आहे. त्यावर विषाणूनाशक औषध अजून नाही.

हा विषाणू मेंदूत सगळीकडे सारखा पसरत नाही. त्याला थॅलॅमस, मेंदूच्या तळातली गँग्लिया, काळसर पदर म्हणून ओळखला जाणारा सबस्टॅन्शिया नायग्रा आणि मेंदूस्तंभ हे भाग विशेष आवडतात. कधी तो मज्जारज्जूतल्या हालचालीच्या पेशींवरही जातो. म्हणून जेईचे मूल पाहताच काही खुणा दिसतात. चेहरा मुखवट्यासारखा निर्विकार, डोळे उघडे पण नजर कुठेच नाही, जीभ किंवा हात थरथरतात, कोपर वाकवायला गेलो तर दातेरी चाकासारखे अडत अडत वाकते, मान-पाठ पिळवटलेली. एखाद्या मुलाचा एकच पाय लोळागोळा होतो आणि पोलिओची शंका येते. हिवतापात शरीर ताठ होऊ शकते, पण हा मुखवटा आणि ही दातेरी अडखळ सहसा नसते. या खुणा पहिल्या दिवशी नसतात, बेशुद्धी काही दिवस टिकली की उमटतात, म्हणून पहिल्या तासात त्यांच्यावर निर्णय ठरवता येत नाही.

पहिल्या तासात नेमके काय करायचे ते एका मुलीच्या हिशेबाने सांगतो. समजा मोलगीकडच्या एका पाड्यावरची चार वर्षांची मुलगी आणली, वजन 12 किलो. तीन दिवस ताप, सकाळी आकडी, आकडी थांबून पाऊण तास झाला तरी जाग नाही. नखाच्या मुळाशी पेन्सिल आडवी ठेवून दाबली तर ती हात मागे ओढते, पण कपाळावर दाबल्यावर हात तिथे नेत नाही. हालचालीचा एक गुण. रडत नाही, फक्त कण्हते, आवाजाचा एक. आईचा चेहरा समोर धरला तर नजर फिरत नाही, डोळ्यांचे शून्य. ब्लँटायर मापनावर पाचपैकी दोन. दोन किंवा त्याहून कमी आणि रक्तात फाल्सिपेरम, म्हणजे दुसरे कारण सापडेपर्यंत मेंदूचा हिवताप समजून चालायचे.

तिला कुशीवर वळवा. आता तिच्या हाताकडे नीट पाहा. मोठी आकडी थांबली असे वाटते, पण फक्त अंगठा एका लयीत हलत असतो, किंवा पापणीचा कोपरा फडफडतो आणि बुबुळे एका बाजूला ओढलेली असतात. ती आकडी चालूच आहे. शीर सापडेपर्यंत थांबू नका. डायझेपामच्या 5 मि.ग्रॅ. प्रति मि.ली. अँप्यूलमधून 1.2 मि.ली., म्हणजे 6 मि.ग्रॅ., सुई काढलेल्या सिरिंजने गुदद्वारातून द्या आणि नितंब काही क्षण दाबून धरा. दहा मिनिटांनी एकदाच पुन्हा देता येते, त्यापुढे श्वास मंदावण्याचा धोका वाढतो.

त्याच बोटाच्या टोचणीतून तीन गोष्टी घ्या: ग्लुकोमीटरचा थेंब, आरडीटी किटचा थेंब आणि काचपट्टीसाठी जाड व पातळ लेप. साखरेकडे सर्वांत आधी पाहा. परजीवी साखर खातो, यकृत नवी साखर बनवू शकत नाही, मूल दोन दिवस उपाशी असते. साखर 54 मि.ग्रॅ.च्या खाली गेलेली असेल तर बेशुद्धीचा काही भाग तिचाच असू शकतो. 10 टक्के डेक्स्ट्रोज किलोमागे 5 मि.ली., या मुलीला 60 मि.ली. सावकाश शिरेतून. केंद्रात 25 टक्क्यांचेच असेल तर त्यातले 24 मि.ली. घेऊन 36 मि.ली. निर्जंतुक पाणी मिसळा, बरोबर 60 मि.ली. होते. 25 टक्क्यांचे तसेच लहान शिरेत देऊ नका, शीर जळते आणि मग पुढच्या कामाला शीर उरत नाही. ग्लुकोमीटरच्या पट्ट्या संपल्या असतील तर साखर कमी आहे असे धरूनच द्या. पंधरा मिनिटांनी पुन्हा मोजा, कारण ती पुन्हा घसरते.

आता आर्टेसुनेट. 20 किलोखालच्या मुलांना किलोमागे 3 मि.ग्रॅ., त्यावरील सर्वांना 2.4 मि.ग्रॅ. लहान मुलांसाठीचा हा वाढीव डोस जागतिक आरोग्य संघटनेने 2015 मध्ये सांगितला, त्यामुळे जुन्या तक्त्यांवर सरसकट 2.4 दिसतो. आपल्या मुलीला 36 मि.ग्रॅ. लागतील. 60 मि.ग्रॅ.च्या व्हायलसोबत एक मि.ली.चे सोडियम बायकार्बोनेटचे छोटे अँप्यूल येते. आधी तेच टाकायचे, दोन-तीन मिनिटे हलवायचे, द्रावण काचेसारखे स्वच्छ व्हायला हवे. मग शिरेतून द्यायचे असेल तर 5 मि.ली. नॉर्मल सलाईन किंवा 5 टक्के डेक्स्ट्रोज घालायचे. एकूण 6 मि.ली. झाले, एका मि.ली.त 10 मि.ग्रॅ., म्हणून 3.6 मि.ली. सावकाश शिरेतून. शीर मिळाली नाही तर बायकार्बोनेटनंतर फक्त 2 मि.ली. घाला. एका मि.ली.त 20 मि.ग्रॅ. होतात, म्हणून 1.8 मि.ली. मांडीच्या पुढच्या-बाहेरच्या बाजूला स्नायूत. व्हायल वेगळ्या मापाची असेल तर खोक्यावरचा हिशेब वाचा.

चूक नेहमी होते ती त्या छोट्या अँप्यूलपाशी. ते हरवते, फुटते, किंवा ट्रेमध्ये दुसऱ्याच अँप्यूलांत मिसळते, आणि भुकटीत थेट इंजेक्शनचे पाणी घातले जाते. आर्टेसुनेट मुळात आम्ल आहे, ते साध्या पाण्यात नीट विरघळत नाही. द्रावण गढूळ राहते आणि डोस अपुरा जातो. गढूळ दिसले तर फेका, दुसरी व्हायल घ्या. तयार केलेले द्रावण तासाभरात वापरायचे, उरलेले रात्रीच्या डोससाठी जपून ठेवायचे नाही. औषध भांडारातून व्हायल देताना अँप्यूल रबरबँडने तिलाच बांधून द्यावे, एवढीशी सूचना जिल्हा हिवताप अधिकाऱ्यांनी काढली तरी मोठे काम होईल.

पहिला डोस केंद्रातच का, हा प्रश्न आम्हाला वारंवार विचारला जातो. क्विनीन प्रामुख्याने वाढ झालेल्या, चिकटून बसलेल्या परजीवीवर काम करते. आर्टेसुनेट कोवळा, अजून मोकळा फिरणारा परजीवीही मारते. म्हणजे पुढच्या काही तासांत जे नवे परजीवी मेंदूच्या वाहिन्यांत जाऊन चिकटणार होते, ते चिकटायच्या आधीच मरतात. आफ्रिकेतल्या नऊ देशांतल्या मुलांवर झालेल्या आणि 2010 मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत क्विनीन दिलेल्या शंभरात जवळपास 11 मुले दगावली, आर्टेसुनेट दिलेल्या शंभरात साडेआठ. हा फरक पडायला औषध रक्तात जायला हवे. चांदसैली घाटात दरड आली की 108 ची गाडी किती तास अडेल याचा भरवसा नसतो, आणि ते तास परजीवीच्या वाढीचे असतात.

आता शंकेची जागा. किट पॉझिटिव्ह आले म्हणजे बेशुद्धी हिवतापाचीच, असे नाही. आरडीटी किट फाल्सिपेरमचे जे प्रथिन ओळखते ते उपचारानंतरही काही आठवडे रक्तात राहते. महिन्याभरापूर्वी हिवताप होऊन बरे झालेल्या मुलाला आज जेई किंवा जंतूंचा मेंदूज्वर झाला, तरी किटवर रेघ उमटेल. म्हणून काचपट्टी हवीच, जिवंत परजीवी तीच दाखवते. पण पट्टीवर परजीवी दिसले तरीही ते सोबती असू शकतात, गुन्हेगार नव्हे. ब्लँटायरलाच मेंदूच्या हिवतापाने गेली असे समजलेल्या 31 मुलांची शवविच्छेदने झाली, 2004 मध्ये त्याचा अहवाल आला. त्यातल्या 7 मुलांच्या मृत्यूचे कारण दुसरेच निघाले. खरा मेंदूचा हिवताप ओळखायला जिवंतपणीची सर्वांत चांगली खूण डोळ्याच्या पडद्यावर सापडली. पडद्यावरचे पांढुरके ठिपके, रंग उडालेल्या रक्तवाहिन्या आणि मध्ये पांढरे असलेले छोटे रक्तस्राव. डोळ्याचा पडदा आणि मेंदू यांच्या रक्तवाहिन्या एकाच घडणीच्या असतात, तिथे जे दिसते तेच आत चाललेले असते. उपजिल्हा रुग्णालयात बाहुली मोठी करणारे थेंब आणि ऑफ्थॅल्मोस्कोप असतील तर ही तपासणी दहा मिनिटांची आहे.

उलट चूकही होते. मेंदूत चिकटलेले परजीवी बोटाच्या रक्तात येतच नाहीत, म्हणून पहिली पट्टी निरंक येऊ शकते. अशा वेळी मूल डोंगरपट्ट्यातले असेल, किंवा घरचे नुकतेच हिवताप असलेल्या भागातून मजुरीवरून परतले असतील, तर पट्टी आठ-बारा तासांनी पुन्हा घ्या आणि तोवर आर्टेसुनेट थांबवू नका. जेईच्या मुलाला आर्टेसुनेट गेले तर त्याचे फारसे बिघडत नाही. हिवतापाच्या मुलाला ते गेले नाही तर सगळेच बिघडते. जंतूंचा मेंदूज्वर तिथल्या तिथे नाकारता येत नाही, म्हणून सेफ्ट्रायॅक्झोनचा पहिला डोसही सोबत द्यावा. या मुलीला किलोमागे 100 मि.ग्रॅ. प्रमाणे 1200 मि.ग्रॅ.

आणि डेक्सा देऊ नका. बेशुद्ध मूल, मेंदूला सूज, म्हणून डेक्सामेथासोन हा हातचा विचार वाटतो, पण तो दोन्ही आजारांत तपासून झाला आहे. मेंदूच्या हिवतापात 1982 च्या थायलंडमधल्या चाचणीत डेक्सा दिलेल्यांची बेशुद्धी उलट लांबली. जेईतही 1992 मध्ये तपासले, फायदा दिसला नाही. मॅनिटॉलनेही हिवतापाच्या मुलांत फायदा झालेला नाही.

जेईचा संशय असेल तर पाठीच्या कण्यातले पाणी हवे, पण ते केंद्रात काढू नका. बाहुल्या लहानमोठ्या असतील किंवा श्वास अनियमित असेल तर मोठ्या दवाखान्यातही आधी थांबावे लागते. तुम्ही दोन गोष्टी करू शकता. पहिली, ताप सुरू झाल्याची तारीख चिठ्ठीवर स्पष्ट लिहा. आयजीएम प्रतिपिंडे पहिल्या तीन-चार दिवसांत बऱ्याच मुलांत पुरेशी तयार झालेली नसतात. तारखेशिवाय आलेला ‘निगेटिव्ह’ अहवाल कुणालाच वाचता येत नाही, आणि दहाव्या दिवसानंतर दुसरा नमुना घ्यायचा हे कुणाच्या लक्षात राहत नाही. दुसरी, जेईची लस कधी घेतली ते लिहा. लस ज्या जिल्ह्यांत नियमित वेळापत्रकात आहे तिथे ती नऊ महिन्यांनंतर आणि सोळा ते चोवीस महिन्यांत अशी दोनदा देतात. नुकत्याच दिलेल्या लसीमुळे रक्तातले आयजीएम पॉझिटिव्ह येऊ शकते. डेंग्यूमुळेही रक्तात गोंधळ होतो, म्हणून कण्यातल्या पाण्याचा नमुना जास्त विश्वासाचा. नमुने 2 ते 8 अंशांत, बर्फाच्या डब्यातून.

जिल्हा हिवताप अधिकाऱ्यांना एक वेगळी विनंती. बेशुद्ध मूल सापडले की त्या पाड्यावर धूरफवारणी करून फोटो पाठवला जातो. हिवतापाचा रुग्ण असेल तर त्या पाड्यातल्या प्रत्येक तापकऱ्याचे रक्त त्याच आठवड्यात तपासणे आणि औषधी मच्छरदाण्या खरोखर अंगावर ओढल्या जातात का ते रात्री जाऊन पाहणे, याने जास्त साधते. जेईचा डास नवापूरकडच्या भातखाचरांत वाढतो आणि दिवेलागणीला बाहेर चावतो, घरातल्या धुराने तो मरत नाही. तिथे डुकरांचे गोठे वस्तीपासून किती अंतरावर आहेत याची पाहणी आधी करावी.

चिठ्ठीवर आम्हाला हवे ते एवढेच: ताप कोणत्या तारखेला सुरू झाला, आकडी किती वाजता आली आणि किती वेळ, ब्लँटायर गुण, साखर किती होती आणि डेक्स्ट्रोज किती दिले, किट आणि पट्टीचा निकाल, आर्टेसुनेट किती मि.ग्रॅ. आणि किती वाजता. ही शेवटची वेळ पेनाने ठळक लिहा. पहिला डोस सकाळी 11 ला गेला असेल तर दुसरा रात्री 11 ला आणि तिसरा दुसऱ्या दिवशी सकाळी 11 ला द्यायचा असतो, मग दिवसातून एकदा. वेळ नसेल तर पोहोचल्यावर कुणी पुन्हा पहिलाच डोस देतो, कुणी दिला असेल म्हणून सोडून देतो. काचपट्टी कागदात गुंडाळून सोबतच पाठवा.

मूल घरी परतले की ते पुन्हा तुमच्याकडेच येणार. आर्टेसुनेट मिळालेल्या मुलांपैकी काहींत आठवड्याभरानंतर तांबड्या पेशी फुटू लागतात, म्हणून हिमोग्लोबिन 7, 14 आणि 28 व्या दिवशी पाहावे, लघवी गडद झाली तर त्याआधीच. मेंदूच्या हिवतापातून उठलेल्या दर चार मुलांत एकाला पुढे लक्ष व स्मरणाची अडचण राहते, हे युगांडातल्या मुलांचा दोन वर्षे पाठपुरावा करून दिसले आहे. आशाताईंनी अंगणवाडीत किंवा शाळेत त्याची चौकशी ठेवावी. जेईतून वाचलेल्या मुलाचे सांधे पहिल्या आठवड्यातच आखडू लागतात. घोटा, गुडघा, कोपर आणि मनगट दिवसातून तीन-चार वेळा पूर्ण फिरवून आईला दाखवा, तिच्या हाताने करून घ्या, आणि घास देताना मूल बसते करून, हनुवटी किंचित खाली ठेवून भरवायला सांगा. त्याला गिळणे जड जाते, आडवे भरवले तर घास श्वासनळीत जातो.

आपले,
खान्देशात बालरोग व मेंदूविकारांचे रुग्ण पाहणारे डॉक्टर